दुधाच्या पाण्यातले आकाश

मुलांनो, दिवसभर निळे दिसणारे आकाश सूर्य मावळताना तांबडे होते, हे तुम्ही पाहिले असेलच. असे का होते? धनज गावच्या अन्वरलाही हाच प्रश्न पडला होता.

अन्वर सातवीत होता. त्या दिवशी तो शाळेतून रुसून घरी आला. "समुद्राचा रंग वर उमटतो, म्हणून आकाश निळे दिसते," असे त्याने वर्गात ठासून सांगितले होते. सगळी मुले हसली होती.

"आपा, माझे काय चुकले?" त्याने मोठ्या बहिणीला विचारले.

"अरे, आपल्या धनजपासून समुद्र शेकडो किलोमीटर दूर आहे! मग आपल्या शेतावरचे आकाश कसे निळे? चल, तुला दाखवते."

सलमा आपाने काचेची एक लांबट बाटली पाण्याने भरली आणि त्यात दुधाचे काही थेंब टाकले. अन्वरला राहवले नाही. त्याने आणखी दोन चमचे दूध ओतले. खोलीत अंधार करून बाटलीच्या बुडाशी पांढऱ्या उजेडाची बॅटरी लावली, तर सारी बाटली नुसती पांढरी!

"दूध जास्त झाले. आता प्रकाश आत पुन्हा पुन्हा इकडे तिकडे फिरतो आणि सगळे रंग मिसळून जातात," आपा म्हणाली. तिने पाणी बदलले आणि यावेळी थेंब मोजून टाकले. बाजूने पाहताच अन्वर ओरडला, "आपा, बॅटरीजवळ निळसर दिसते! आणि पलीकडच्या टोकाला पिवळट, नारिंगी!"

"आता नीट ऐक. सूर्याच्या पांढऱ्या प्रकाशात सगळे रंग असतात. हवेचे अतिसूक्ष्म कण निळा प्रकाश तांबड्यापेक्षा सुमारे चौपट जास्त विखुरतात. म्हणून दुपारी चारी बाजूंनी निळा प्रकाश आपल्या डोळ्यांत येतो. इंग्लंडचे शास्त्रज्ञ रॅले यांनी १८७१ साली हे गणिताने दाखवले."

"मग संध्याकाळी?"

"दुपारी सूर्य डोक्यावर असताना प्रकाशाला हवेचा जेवढा थर ओलांडावा लागतो, त्याच्या सुमारे ३८ पट हवा मावळत्या सूर्याच्या प्रकाशाला ओलांडावी लागते. निळा रंग वाटेतच विखरून जातो. उरतो तो तांबडा, बाटलीच्या त्या टोकासारखा."

अन्वर थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "जांभळा रंग तर निळ्याहूनही जास्त विखुरत असेल. मग आकाश जांभळे का नाही?"

आपा हसली. प्रश्न खरोखरच अवघड होता. "सूर्यप्रकाशात जांभळा रंग निळ्यापेक्षा कमी असतो, आणि आपल्या डोळ्यांनाही तो कमी जाणवतो. म्हणून निळाच दिसतो."

दुसऱ्या दिवशी अन्वर दप्तरात बाटली घेऊन शाळेला निघाला. दुधाची लहान डबी मात्र त्याने आपाकडूनच भरून घेतली.