काचबिंदूचं औषध आणि लांब पापण्या

नेपानगरात लग्नसराई जवळ आली की पापण्यांची चर्चा निघते, आणि तिच्यात एक वाक्य हमखास असतं: "अहो, ते डोळ्यातच घालायचं औषध आहे. वरून पापणीला लावलं तर काय बिघडणार?" हे इतक्या खात्रीनं सांगितलं जातं की ऐकणारीही मान डोलावते. म्हणून जरा नीट बघू.

हे औषध म्हणजे बहुधा बिमॅटोप्रोस्टचे थेंब. काचबिंदूत डोळ्यातला दाब कमी करायला ते देतात. उपचार न घेतल्यास त्या रुग्णाची नजर कायमची जाऊ शकते, म्हणून डॉक्टर त्याचे दुष्परिणाम पत्करतात आणि रुग्णाला तपासत राहतात. 'डोळ्यात चालतं' याचा अर्थ एवढाच आहे. निरोगी डोळ्याच्या मुलीला हा हिशेब लागू होत नाही.

पापण्या वाढतात हे मात्र खरं आहे. 1997 मध्ये मरे जॉन्स्टन या अमेरिकी नेत्रतज्ज्ञांनी एकाच डोळ्यात लॅटॅनोप्रोस्ट हे याच जातीचं औषध घालणाऱ्या रुग्णांबद्दल लिहिलं. औषधाच्या बाजूच्या पापण्यांचे केस लांब, दाट आणि काळे झाले होते, दुसऱ्या बाजूचे होते तसेच. पापणीचा केस थोडेच आठवडे वाढतो, मग थांबतो आणि गळतो. हे औषध वाढीचा तो काळ लांबवतं. पुढे 2008 मध्ये अमेरिकेत बिमॅटोप्रोस्टला पापण्यांसाठीही परवानगी मिळाली, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. रोज रात्री फक्त वरच्या पापणीच्या मुळाशी, दर डोळ्याला नवा निर्जंतुक ब्रश, ओघळलेलं लगेच टिपून घ्यायचं, पूर्ण परिणामाला 16 आठवडे. आपल्याकडे तीच बाटली नणंद-भावजयीत फिरते आणि ब्रश असतो जुन्या आयलायनरचा!

आता जे कुणी सांगत नाही ते. एकाच डोळ्याला औषध घेणाऱ्यांत आणखी एक फरक दिसतो: त्या बाजूच्या पापणीची त्वचा काळवंडते आणि वरच्या पापणीखालची चरबी झिजून डोळा खोल गेल्यासारखा वाटतो. म्हणजे पापण्या लांब आणि डोळा थकलेला. औषध बंद केल्यावर यातलं बरंचसं हळूहळू ओसरतं. बुबुळाचा रंग गडद झाला तर मात्र तो बहुधा तसाच राहतो. थेंब ओघळून गालावर गेला तर तिथेही केस येऊ शकतात. आणि औषध थांबवलं की काही आठवड्यांत पापण्या पूर्ववत. घरात काचबिंदू असेल तर आणखी सावध राहा. औषधामुळे दाब कमी मोजला जाऊ शकतो, म्हणून तपासणीच्या वेळी डॉक्टरांना हे सांगायलाच हवं.

"आमचं सीरम औषधी नाही, हर्बल आहे," असं म्हणणाऱ्यांनी बाटलीमागचं बारीक अक्षर वाचावं. आयसोप्रोपिल क्लोप्रोस्टेनेट किंवा '-प्रोस्ट' असलेलं तत्सम नाव दिसलं, तर ते त्याच घराण्यातलं रसायन आहे. युरोपीय संघाच्या ग्राहक-सुरक्षा वैज्ञानिक समितीनं 2022 मध्ये अशा सीरमांतल्या या रसायनांबद्दल चिंताच व्यक्त केली, ती सुरक्षित आहेत असा निर्वाळा दिला नाही.

एरंडेल तेलानं पापण्या वाढतात याला चांगला पुरावा नाही. तेलानं केस चमकतो, म्हणून दाट भासतो. लॅश लिफ्टनंही केस वाढत नाही, फक्त वळतो.

या लिफ्टचं घरगुती किट मागवणाऱ्यांनी त्यात काय आहे ते ओळखावं: पार्लरमध्ये केस कुरळे करायला वापरतात तेच थायोग्लायकोलिक आम्लाचं लोशन. पापणीवर सिलिकॉनची पट्टी चिकटवायची, केस तिच्यावर वळवायचे, पहिल्या लोशननं केसातले बंध सैल करायचे आणि दुसऱ्यानं त्याच वळणात पक्के करायचे. युरोपात पापण्यांसाठी या आम्लाची मर्यादा 11 टक्के आहे आणि वापर फक्त व्यावसायिकांनी करायचा. नावात आम्ल असलं तरी लोशन अल्कधर्मी असतं आणि अल्कली बुबुळावरच्या पारदर्शक पडद्यात खोल शिरते. स्वतःच्या मिटलेल्या डोळ्यावर काय चाललंय हे स्वतःला दिसत नाही, त्यामुळे लोशन किती आत सरकलं ते आग झाल्यावरच कळतं. जास्त वेळ राहिलं तर केस वेडेवाकडे होऊन तुटतात, ते वेगळंच. "पॅच टेस्ट केली होती ना!" हेही उत्तर नव्हे. तिच्यातून ॲलर्जी कळते, भाजण्याचा धोका नाही.

लोशन डोळ्यात गेलंच, तर लेन्स असल्यास काढा आणि पापणी उघडी धरून स्वच्छ वाहत्या पाण्यानं किमान 15 ते 20 मिनिटं धुवा. लिंबू, गुलाबपाणी, दूध, काही घालू नका. बुऱ्हाणपूरला किंवा खंडव्याला डॉक्टरांकडे निघायचं ते धुऊन झाल्यावर, आणि जाताना किटचा खोका सोबत न्या.