दोन कपॅसिटरांचा हिशेब

सभेच्या मंडपात माइक कर्ण्यासमोर गेला की कर्णा किंचाळतो. ध्वनिवाला आवाजाची खुंटी थोडी मागे फिरवतो आणि किंचाळणं थांबतं. त्या खुंटीवर एक नेमकी जागा असते: तिच्या अलीकडे शांतता, पलीकडे शिट्टी. रेडिओ-लहरी निर्माण करणारं ऑसिलेटर सर्किट ही शिट्टी मुद्दाम वाजवतं. ती कोणत्या सुरात वाजेल आणि वाजायला अॅम्प्लिफायर किमान किती तगडा हवा, हे दोन प्रश्न. एडविन कोलपिट्स या अभियंत्याने १९१८ मध्ये मांडलेल्या रचनेत दोन्हींची उत्तरं दोन कपॅसिटरांतच सापडतात.

रचना साधी आहे. ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरपासून बेसपर्यंत एक कॉइल. कलेक्टरवरून जमिनीला, म्हणजे ग्राउंडला, एक कपॅसिटर आणि बेसवरून ग्राउंडला दुसरा. एमिटरही ग्राउंडलाच. कलेक्टरचं डीसी व्होल्टेज बेसवर जाऊ नये म्हणून कॉइलच्या वाटेत आणखी एक मोठा कपॅसिटर घालतात, पण हिशेबात तो धरायचा नाही.

उदाहरण घेऊ. कॉइल १० मायक्रोहेन्रीची, कलेक्टरकडचा कपॅसिटर १०० पिकोफॅरडचा, बेसकडचा १००० चा. कॉइलच्या दृष्टीने हे दोघे एकामागोमाग, म्हणजे सिरीजमध्ये आहेत. म्हणून दोघांचा गुणाकार भागिले दोघांची बेरीज: सुमारे ९१ पिकोफॅरड. ही किंमत नेहमीच्या सूत्रात घालायची:

f = 1 / (2π√(L·C))

उत्तर येतं ५.२८ मेगाहर्ट्झ, म्हणजे शॉर्टवेव्हच्या पट्ट्यात. पहिला प्रश्न सुटला.

आता दुसरा. कॉइल आणि कपॅसिटरांच्या चक्रात फिरणारा प्रवाह दोन्ही कपॅसिटरांतून जवळपास सारखाच जातो. प्रवाह सारखा असेल, तर लहान कपॅसिटरवर व्होल्टेज जास्त आणि मोठ्यावर कमी. आपला मोठा कपॅसिटर दहापट आहे, म्हणून कलेक्टरवर १ व्होल्ट हलला तर बेसवर त्याचा दहावा भाग पोचतो, तोही उलट्या दिशेने. ट्रान्झिस्टर स्वतः दिशा पुन्हा उलटवतो, म्हणजे दिशेचं गणित जुळतं. उरतं ते फक्त प्रमाण. परतीच्या वाटेवर दहापट घट झाली, तर ट्रान्झिस्टरने किमान दहापट वाढवून दिलंच पाहिजे. किमान गेन म्हणजे बेसकडचा कपॅसिटर भागिले कलेक्टरकडचा. थोडक्यात, सिरीजमधली किंमत सूर ठरवते आणि गुणोत्तर उंबरठा ठरवतं.

इथे बरेच जण ट्रान्झिस्टरचा बीटा पाहतात आणि शंभर आहे म्हणून निश्चिंत होतात. पण हा दहाचा आकडा व्होल्टेज गेनचा आहे. तो मुख्यतः दोन गोष्टींवर ठरतो: बेसचं व्होल्टेज १ मिलिव्होल्ट हललं की कलेक्टरचा प्रवाह किती हलतो, आणि तो प्रवाह किती रोधावर पडतो. कलेक्टरला २००० ओहमचा रोध जोडला आहे असं धरू. कॉइलच्या तारेतही ऊर्जा वाया जाते. मध्यम प्रतीच्या, ५० क्यू असलेल्या कॉइलचं हे नुकसान कलेक्टरवर सुमारे १४,००० ओहमचा रोध जोडल्यासारखं असतं. दोन्ही मिळून भार साधारण १७५० ओहम होतो. त्यावर दहापट गेन हवा, तर दर मिलिव्होल्टमागे ५.७ मायक्रोअँपिअर हलले पाहिजेत. ट्रान्झिस्टरमध्ये १ मिलिअँपिअर वाहत असेल तर दर मिलिव्होल्टमागे सुमारे ४० मायक्रोअँपिअर हलतात. त्या हिशेबाने ०.१४ मिलिअँपिअर हा उंबरठा झाला.

प्रत्यक्षात मात्र त्याच्या तिप्पट, म्हणजे ०.४ च्या आसपास प्रवाह ठेवतात. सर्किट चालू होताना आत असते फक्त बारीकशी विद्युत खरखर. प्रत्येक फेरीत ती वाढली तरच तिचं आंदोलन होतं. नेमक्या उंबरठ्यावर ती ना वाढते, ना मरते. जास्त गेन दिला की आंदोलन फुगत जातं आणि ट्रान्झिस्टर स्वतःच्या मर्यादेला भिडला की त्याचा सरासरी गेन दहापर्यंत उतरून स्थिरावतो.

मग दोन्ही कपॅसिटर सारखेच का घेऊ नयेत? गेन एकच पुरेल. पण तेव्हा बेसवर मोठं व्होल्टेज येतं, बेस जास्त ऊर्जा ओढतो आणि ट्रान्झिस्टरच्या आतली, तापमानानुसार बदलणारी धारकता सूर हलवू लागते. उलट, बेसकडचा कपॅसिटर २००० केला तर वारंवारता जेमतेम सव्वादोन टक्क्यांनी उतरते, पण उंबरठा दुप्पट होतो. प्रवाह या नव्या उंबरठ्याखाली असेल तर सर्किट मुकं राहतं आणि डीसी व्होल्टेज मोजले तर सगळे बरोबर दिसतात. अशा वेळी प्रवाह थोडा वाढवून पाहावा. सर्किट बोलू लागलं, तर दोष गेनचा होता.

मोजतानाही हेच गुणोत्तर उपयोगी पडतं. ऑसिलोस्कोपच्या प्रोबची धारकता १२ पिकोफॅरड असेल, तर कलेक्टरवर लावताच ५.२८ चे ५.०१ मेगाहर्ट्झ होतात. तोच प्रोब बेसवर लावला तर हजारात बारा मिसळतात आणि आकडा जवळजवळ हलत नाही. लहर दहापट लहान दिसते, पण वारंवारता खरी दिसते.