धाप एकच, अर्थ दोन

रिपोर्ट वाचताना : भाग ७

मागच्या भागात आपण बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरचा आकडा पाहिला. रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती भाग ऑक्सिजनने भरला आहे, एवढंच ते यंत्र सांगतं. श्वास पुरेसा होतो आहे का आणि शरीरात आम्ल साठतंय का, हे त्याला कळत नाही. त्यासाठी रोहिणीतलं रक्त काढावं लागतं. या तपासणीला दवाखान्यात सगळे ‘एबीजी’ म्हणतात. तिच्या रिपोर्टवर pH, pCO2 आणि pO2 हे तीन आकडे मुख्य असतात. ते एकेकटे न वाचता एकत्र का वाचायचे, हे आज हुपरीतले दोन नमुना रुग्ण घेऊन पाहू. रुग्ण आणि त्यांचे आकडे समजावण्यासाठी मांडलेले आहेत, पण अशी चित्रं आयसीयूत नेहमी दिसतात.

पहिला रुग्ण तिशीतला चांदी कारागीर. मोडीची चांदी शुद्ध करताना ती नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवतात आणि मग त्या द्रावात तांबं टाकून चांदी खाली बसवतात. चांदी विरघळताना तपकिरी धूर निघतो. तो नायट्रोजन डायऑक्साइड. हा वायू पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून नाकाघशाच्या ओलाव्यात अडकत नाही आणि थेट फुफ्फुसाच्या तळाशी, हवेच्या बारीक पिशव्यांपर्यंत पोचतो. तिथे त्याचं आम्ल बनतं आणि पिशव्यांच्या भिंती पाझरू लागतात. हे व्हायला काही तास लागतात, आणि फसगत इथेच होते. खोलीची खिडकी बंद होती, दुपारी थोडा खोकला आला, घसा खवखवला, चहा घेतल्यावर बरं वाटलं. रात्री मात्र जिना चढताना धाप लागली आणि मध्यरात्रीपर्यंत बसून श्वास घ्यायची वेळ आली.

दुसरी रुग्ण पन्नाशीतली बाई. मधुमेहासाठी इन्सुलिन चालू होतं, पण उलट्या-जुलाबामुळे जेवण जात नव्हतं. ‘खाल्लंच नाही तर इन्सुलिन कशाला’ म्हणून दोन दिवस घेतलं नाही. आता तिलाही धाप आहे. श्वास खोल, लांब आणि न थांबणारे. तोंडाला पिकल्या फळासारखा वास.

दाराशी उभं राहून पाहिलं तर दोघांनाही ‘दम लागलाय’ असंच म्हणाल. आता आकडे पाहू. दोघांचंही रक्त बाहेरून ऑक्सिजन लावण्याआधी घेतलं आहे.

कारागिराचा पीएच ७.४९, कार्बन डायऑक्साइडचा दाब ३०, ऑक्सिजनचा दाब ५६. बाईचा पीएच ७.१२, कार्बन डायऑक्साइडचा दाब १८, ऑक्सिजनचा दाब १०५. दाब मिलिमीटर पाऱ्यात मोजतात. निरोगी माणसात पीएच ७.३५ ते ७.४५ आणि कार्बन डायऑक्साइड ३५ ते ४५ असतो.

आधी कार्बन डायऑक्साइड पाहू, कारण श्वासाचं काम सर्वांत थेट तोच सांगतो. पेशी अन्न जाळतात तेव्हा हा वायू सतत तयार होतो आणि तो बाहेर टाकायचं काम श्वासाचं. भट्टीवरचा भाता जोरात चालला की जाळ वाढतो, मंदावला की उतरतो. इथे मात्र उलटं: श्वास वाढला की रक्तातला हा आकडा उतरतो आणि श्वास कमी पडला की चढतो. दोघांचाही आकडा कमी आहे, म्हणजे दोघंही गरजेपेक्षा जास्त हवा ढवळत आहेत. पण कशासाठी, याचं उत्तर पीएच देतो.

कार्बन डायऑक्साइड रक्तात विरघळला की आम्ल बनतं. तो जास्त बाहेर गेला तर रक्त अल्कधर्मी व्हायला हवं, म्हणजे पीएच चढायला हवा. कारागिराच्या बाबतीत नेमकं तेच झालं आहे. श्वास वाढला, कार्बन डायऑक्साइड उतरला, पीएच चढला. बिघाडाची सुरुवात फुफ्फुसात आहे. बाईच्या बाबतीत कार्बन डायऑक्साइड त्याहून खाली गेला आहे, तरीही पीएच ७.१२. एवढं आम्ल श्वासाने बाहेर टाकूनही रक्त आम्लच आहे, म्हणजे आम्ल दुसरीकडून येतंय. इन्सुलिनशिवाय पेशींना साखर वापरता येत नाही, म्हणून शरीर चरबी जाळतं आणि त्यातून कीटोन आम्लं साठतात. ती शमवताना रक्तातलं बायकार्बोनेट खर्च होतं. नेहमी २४ च्या आसपास असणारा तो आकडा इथे ६ वर आला आहे. बाईची फुफ्फुसं चांगली आहेत. ती आजारी नाहीत, ती दुसऱ्याचा आजार सावरत आहेत.

पीएच ७.४० चा ७.१२ झाला, यात फरक बारीक वाटतो. पण ही मोजपट्टी साध्या फूटपट्टीसारखी नाही. पीएच ०.३ ने उतरला की रक्तातली आम्लता दुप्पट होते. म्हणजे या बाईच्या रक्तातली आम्लता नेहमीच्या जवळजवळ दुप्पट आहे.

फुफ्फुसं किती सावरू शकतात, याचाही हिशेब आहे. बायकार्बोनेटच्या आकड्याला दीडने गुणायचं आणि ८ मिळवायचे. सहाची दीडपट ९, अधिक ८, झाले १७. त्यात दोनाची इकडेतिकडे मुभा. बाईचा आकडा १८, म्हणजे ती शक्य तेवढं करते आहे. त्याऐवजी २८ आला असता, तर आम्लाच्या जोडीला श्वासही कमी पडतोय असं समजून डॉक्टर सावध झाले असते.

यातूनच एक धोका कळतो. अशा रुग्णाची धाप पाहून घाईने व्हेंटिलेटर लावला आणि श्वासांचा वेग निरोगी माणसासारखा ठेवला, तर कार्बन डायऑक्साइड ४० वर जाईल. बायकार्बोनेट ६ असताना त्याचा अर्थ पीएच ६.८० च्या आसपास, आणि त्या आम्लतेत हृदय कधीही थांबू शकतं. ही धाप कमी करायची नसते. इन्सुलिन आणि सलाइनने आम्लाचं मूळ आटलं की ती आपोआप उतरते.

आता ऑक्सिजनकडे. पुस्तकात निरोगी आकडा ८० ते १०० लिहिलेला असतो. तो समुद्रसपाटीला धरून आहे. हुपरी साधारण साडेपाचशे मीटर उंचीवर आहे. तिथे हवेचा दाब ७६० ऐवजी सुमारे ७१०. श्वासनलिकेत हवा ओली होते, त्या वाफेचे ४७ वजा करा, उरले ६६३. त्यातला ऑक्सिजनचा वाटा २१ टक्के, म्हणजे सुमारे १३९. हवेच्या पिशवीत पोचल्यावर कार्बन डायऑक्साइडही जागा घेतो, म्हणून त्याच्या आकड्याला ०.८ ने भागून तेही वजा करायचं. निरोगी माणसाचे ४० धरले तर ५० वजा होतात आणि पिशवीत ८९ उरतात. रक्तात त्याहून थोडा कमी येतो. म्हणून हुपरीतल्या निरोगी माणसाचा आकडा ८० च्या आसपास आला, तर घाबरायचं कारण नाही.

हाच हिशेब कारागिरासाठी करू. त्याचा कार्बन डायऑक्साइड ३०, त्याला ०.८ ने भागले की ३७.५. १३९ मधून ते गेले की पिशवीत सुमारे १०१ असायला हवा. रक्तात मात्र ५६ आहे. मधे ४५ चा खड्डा पडला आहे. तरुण माणसात हा फरक दहा-बाराच्या घरात असतो. म्हणजे हवा आत पोचते आहे, पण पाझरलेल्या पिशव्यांतून ऑक्सिजन रक्तात उतरत नाही. बाईचा हिशेब केला तर पिशवीत सुमारे ११६ आणि रक्तात १०५. खड्डा नाहीच. फुफ्फुसं चांगली आहेत, ही गोष्ट इथे आकड्याने सिद्ध झाली.

कारागिराच्या पिशव्या बिघडल्या, तर मग कार्बन डायऑक्साइडही अडकायला हवा होता. तो का अडकला नाही? कारण चांगल्या उरलेल्या पिशव्यांतून जास्त हवा फिरवली की तिथून कार्बन डायऑक्साइड हवा तेवढा जास्त निघतो. ऑक्सिजनचं तसं नाही. चांगल्या पिशव्यांजवळचं हिमोग्लोबिन आधीच जवळपास भरलेलं असतं, त्यात आणखी भर घालता येत नाही. त्यामुळे धाप लागून एक आकडा सावरतो, दुसरा सावरत नाही.

पुढचा रिपोर्ट आणखी महत्त्वाचा. पहाटे, मास्कने ऑक्सिजन चालू असताना, कारागिराचा पीएच ७.३८, कार्बन डायऑक्साइड ४१, ऑक्सिजन ६०. कागदावर पहिले दोन आकडे अगदी मधोमध, जराही लाल खूण नाही. नातेवाइकांना वाटतं, सुधारणा झाली. पण तो अजूनही मिनिटाला चाळीस श्वास घेतो आहे, मानेचे स्नायू ओढले जात आहेत. एवढी धडपड करणाऱ्या माणसाचा कार्बन डायऑक्साइड ३० च्या जवळ असायला हवा. तो ४१ वर आला, म्हणजे स्नायू थकले आणि श्वास उथळ झाला. पुढच्या तासा-दोन तासांत तो ६० वर जाऊ शकतो. याच वेळी, आकडे बिघडण्याआधी, यंत्राचा आधार द्यायचा असतो. दम्याच्या तीव्र झटक्यातही हाच नियम. धापेत ‘नॉर्मल’ कार्बन डायऑक्साइड ही चांगली बातमी नसते.

हा आकडा वाचायला जगाने मोठी किंमत मोजली आहे. १९५२ मध्ये कोपनहेगनला पोलिओची साथ आली. श्वासाचे स्नायू लुळे पडलेल्या रुग्णांच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचं एकूण प्रमाण वाढलेलं दिसे आणि डॉक्टर ते अल्कधर्मी बिघाडाचं लक्षण समजत. भूलतज्ज्ञ ब्यॉर्न इब्सेन यांनी सांगितलं, हा श्वास कमी पडल्याने साठलेला वायू आहे. पीएच मोजल्यावर ते खरं ठरलं. मग विद्यार्थी पाळ्या लावून पिशवी दाबत रुग्णांना हाताने श्वास देत राहिले. या साथीतूनच आजच्या आयसीयूची सुरुवात झाली, आणि पॉल आस्ट्रुप यांनी रक्तवायू मोजायची सोपी पद्धत शोधली.

आकडे खरे हवेत, तर नमुना नीट हवा. मनगटातली रोहिणी टोचतात. सिरिंजमध्ये रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन असतं. हवेचा बुडबुडा राहिला की हवेतला ऑक्सिजन रक्तात मिसळतो आणि वाईट आकडा चांगला दिसतो. नमुना तासभर तसाच राहिला तर उलटं होतं: रक्तपेशी ऑक्सिजन खातात आणि पीएच उतरतो. सुई चुकून नीलेत गेली तर ऑक्सिजन ४० च्या आसपास येतो. तेव्हा ऑक्सिमीटर ९७ दाखवत असेल, तर नमुन्यावरच शंका घ्यायची.

एक मर्यादाही आहे. ऑक्सिजनचा दाब म्हणजे रक्तातला एकूण ऑक्सिजन नव्हे. बंद खोलीत कोळशाची शेगडी धुमसत राहिली की कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनची जागा अडवतो. तेव्हा दाब उत्तम येतो, ऑक्सिमीटरही फसतो, आणि माणूस मात्र गुदमरत असतो. ॲसिडच्या धुरानेही हिमोग्लोबिन बिघडू शकतं. अशा वेळी को-ऑक्सिमेट्री ही वेगळी मोजणी मागावी लागते, आणि ती मागायची हे डॉक्टरांना सुचायला हवं तर रुग्ण कुठे, कशाच्या धुरात काम करत होता हे त्यांना सांगायला हवं. तपकिरी धूर नाकात गेला असेल, तर दुपारी बरं वाटलं तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि निदान दिवसभर देखरेखीखाली राहा.

पुढच्या आठवड्यात बायकार्बोनेट आणि मूत्रपिंड. फुफ्फुसं काही मिनिटांत जे सावरतात, त्याला मूत्रपिंड दोन-तीन दिवस का घेतं, आणि जुन्या दम्याच्या रुग्णाचा कार्बन डायऑक्साइड ६० असूनही पीएच ठीक कसा राहतो, ते पाहू.