‘झटका’ नेमका कसा आला? मोबाइलमधील चित्रण आणि त्यासोबतची टिपण

हातापायांची थरथर किंवा अंगाला येणारे झटके यांचे एक वैशिष्ट्य असे की रुग्ण डॉक्टरांसमोर येतो तेव्हा बहुधा ते थांबलेले असतात. भंडारा जिल्ह्यातील बहुतेक कुटुंबांना मेंदूविकारतज्ज्ञांकडे जायचे म्हणजे नागपूर गाठावे लागते. लाखांदूर किंवा तुमसर तालुक्यातील वृद्धाला तेवढा प्रवास घडवून आणल्यावर तज्ज्ञ विचारतात, “काय झाले होते?” आणि घरची मंडळी सांगतात, “झटका आला होता.” तपासणीत मात्र काहीच आढळत नाही.

अडचण ‘झटका’ या शब्दातच आहे. आपल्याकडे मिरगीलाही झटका म्हणतात, चक्कर येऊन पडण्यालाही आणि अर्धांगवायूलाही. म्हणून तज्ज्ञांना आजाराचे नाव नको असते. जे डोळ्यांना दिसले ते, त्याच क्रमाने हवे असते. मोबाइलवरील चित्रणाने हे काम बरेच सोपे केले आहे. केंद्र शासनाने मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनुसार, रुग्णाने पाठवलेले छायाचित्र वा चित्रण डॉक्टर नंतर सवडीने पाहून सल्ला देऊ शकतात. पण नुसते चित्रण अपुरे असते. त्यासोबत अर्ध्या पानाची टिपण असावी.

आधी रुग्ण, मग मोबाइल

झटके सुरू असताना घरात दोन माणसे असतील तरच एकाने चित्रण करावे. एकटेच असाल तर मोबाइल बाजूला ठेवून रुग्णाला कुशीवर वळवा, डोक्याखाली घडी घातलेले कापड द्या, आसपासची काठी, पाट, तांब्या दूर करा. तोंडात चमचा घालू नये, पाणी पाजू नये, कांदा वा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये. घड्याळाकडे मात्र अवश्य पाहावे. झटके पाच मिनिटांहून अधिक चालले, शुद्ध न येता पुन्हा सुरू झाले, रुग्णाला असे पहिल्यांदाच झाले किंवा पडताना डोक्याला मार लागला, तर चित्रणाचा विचार सोडून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. मधुमेही रुग्ण असेल आणि घरी ग्लुकोमीटर असेल, तर त्याच वेळी बोटातून रक्त घेऊन साखर पाहावी. साखर फार उतरल्यानेही झटके येतात आणि त्यावर लगेच इलाज करता येतो.

थरथर असेल तर

थरथरीचे चित्रण सावकाश, ठरवून करता येते. खोलीत भरपूर उजेड असावा आणि तो चित्रण करणाऱ्याच्या पाठीमागून यावा. मोबाइल आडवा धरून चेहऱ्यापासून गुडघ्यांपर्यंत रुग्ण दिसेल इतक्या अंतरावर उभे राहावे. केवळ हाताच्या पंजाचे चित्रण पाठवले तर दुसऱ्या हाताशी तुलना करता येत नाही. मग चार स्थितींत साधारण अर्धा-अर्धा मिनिट चित्रण करावे.

प्रथम रुग्णाने खुर्चीत बसून दोन्ही हात मांडीवर सैल सोडावेत आणि वीसपासून एकपर्यंत उलटे आकडे म्हणावेत. मन गुंतले की विश्रांतीतील थरथर उघड होते. कंपवातात बहुधा ती अशीच आणि एका बाजूला अधिक दिसते. मग दोन्ही हात समोर ताणून धरावेत. त्यानंतर अर्धा पेला पाणी उचलून ओठांशी न्यावे. हातात काही धरल्यावर किंवा पेला तोंडाशी नेताना थरथर वाढत असेल, तर ती बहुधा निराळ्या जातीची असते आणि तिची औषधेही निराळी असतात. शेवटी दहा पावले चालत जाऊन परत यावे, म्हणजे चालताना कोणता हात हलत नाही तेही कळते. चित्रण नेहमीच्या वेगाने करावे. वेग कमी करून घेतलेल्या चित्रणावरून थरथरीची गती समजत नाही.

टिपणीत तीन गोष्टी पुरेशा आहेत: थरथर केव्हा सुरू झाली, आधी कोणत्या बाजूला, आणि त्या सुमारास कोणते नवे औषध सुरू झाले. दम्याची काही औषधे आणि मानसिक आजारावरील काही गोळ्या हातांना कंप आणतात, म्हणून गोळ्यांच्या पट्ट्यांचेही छायाचित्र जोडावे. आपल्या मनाने मात्र कोणतीही गोळी बंद करू नये.

झटके असतील तर

येथे चित्रण बहुतेक वेळा मधूनच सुरू होते; आरंभ निसटलेला असतो. तो टिपणीतून भरून काढायचा. एक उदाहरण घेऊ.

समजा, ७२ वर्षांचे आजोबा सकाळी अंगणात पडले आणि अंग झटकू लागले. असे महिनाभरात दुसऱ्यांदा झाले. घरच्यांनी ठरवले, मिरगी आली. नातवाने केलेले चित्रण २५ सेकंदांचे आहे. त्यात हातापायांना पाच-सहा अनियमित हिसके दिसतात, मग ते थांबतात. एवढ्यावरून निर्णय कठीण आहे. आता सुनेने लिहिलेली टिपण वाचा:

“सकाळी साडेसहा. बाजेवरून उठून उभे राहिले. दोन-तीन पावलांवर ‘डोळ्यांपुढे अंधारी येते’ म्हणाले. चेहरा पांढरा पडला, घाम आला. हळूच खाली कोसळले. मग हिसके आले, अंदाजे दहा सेकंद. डोळे उघडे होते. मान एका बाजूला वळली नाही. जीभ चावली नाही. हिसके थांबताच मला नावाने हाक मारली. रक्तदाबाची गोळी रोज घेतात. लघवीसाठीची नवी गोळी तीन आठवड्यांपूर्वी सुरू झाली.”

हे वाचून चित्रणाचा अर्थ बदलतो. उभे राहताच अंधारी, पांढरा चेहरा, थोडेच हिसके आणि तत्काळ परतलेली शुद्ध ही मेंदूला काही क्षण रक्त कमी पडल्याची चिन्हे आहेत. मिरगीच्या मोठ्या झटक्यात बहुधा शरीर आधी ताठ होते, हिसके एक-दोन मिनिटे चालतात, चेहरा निळसर पडतो, जिभेची कड चावली जाते आणि नंतर कितीतरी वेळ रुग्ण गोंधळलेला असतो. म्हणून या आजोबांचा रक्तदाब आधी निजलेल्या स्थितीत आणि मग उभे केल्यावर एक व तीन मिनिटांनी मोजायला हवा, हृदयाचा आलेख काढायला हवा आणि गोळ्यांचा फेरविचार व्हायला हवा. ती टिपण नसती तर कदाचित मिरगीची गोळी वर्षानुवर्षे चालू राहिली असती आणि पडणे थांबले नसते.

चित्रण करताना झटके थांबल्यावरही आणखी दोन मिनिटे मोबाइल चालू ठेवावा. रुग्णाला नावाने हाक मारावी, “हात वर करा” म्हणावे, समोरची वस्तू कोणती ते विचारावे. शुद्ध केव्हा आणि कशी परतली, हे तज्ज्ञांना त्यातूनच समजते. चेहरा आणि डोळे दिसलेच पाहिजेत. पांघरूण दूर करावे, पण लज्जारक्षणापुरते वस्त्र असू द्यावे.

पाठवताना

व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या रीतीने पाठवलेले चित्रण दाबले जाऊन अस्पष्ट होते. बारीक थरथर त्यात हरवते. म्हणून ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावे आणि मूळ प्रत मोबाइलमध्ये जपून ठेवावी. झटके वारंवार येत असतील तर रुग्ण शुद्धीवर असतानाच चित्रणाची परवानगी विचारून ठेवावी. ते डॉक्टरांखेरीज कोणाला, नातेवाइकांच्या गटावरही, पाठवू नये.

चित्रणाने प्रत्यक्ष तपासणी टळत नाही. स्नायूंचा ताठरपणा हात लावूनच कळतो आणि हृदयाचे ठोके चित्रणात दिसत नाहीत. परंतु नागपूरला कोणत्या तज्ज्ञांकडे, किती तातडीने आणि कोणत्या तपासण्या करून जायचे, हे त्यावरून ठरवता येते.