चोपन्न सेकंदांतली सूत्रं

माझी भाची यंदा बारावी सायन्सला आहे. तिच्या टेबलासमोरच्या भिंतीवर सूत्रांचा एक लांबलचक कागद चिकटवलेला असतो. वर लाल शाईत लिहिलंय 'रोटेशनल डायनॅमिक्स', म्हणजे भौतिकशास्त्राच्या पुस्तकातला पहिलाच धडा. मी मोजली तर एकतीस सूत्रं भरली. "सगळी पाठ आहेत, मामा," ती म्हणाली. मी विचारलं, जत्रेतल्या मौत का कुआँमध्ये मोटारसायकलवाल्याला कमीत कमी किती वेग ठेवावा लागतो? तिनं डोळे मिटले, ओठ हलवले आणि सांगितलं, "अंडर रूट म्यू आर जी."

ते सूत्र कागदावर होतं खरं, पण सपाट रस्त्यावरच्या वळणासाठी. तिथं गाडी न घसरता जास्तीत जास्त √(μrg) वेगानं वळू शकते. कुआँचं सूत्र दोन ओळी खाली होतं, √(rg/μ). दोन्हींत तीच तीन अक्षरं आहेत, फक्त घर्षणांक μ एकीकडे वर तर दुसरीकडे खाली. आणि गंमत म्हणजे एककं तपासून ही चूक सापडत नाही. μ ला एककच नसतं, त्यामुळे तो वर असो की खाली, उत्तर मीटर प्रति सेकंदातच येतं. चूक पकडायची तर विचारायचं, घर्षण शून्य झालं तर काय होईल? तेल सांडलेल्या रस्त्यावर वळताच येणार नाही, म्हणजे वेग शून्य. कुआँची भिंत तेलकट असेल तर कितीही वेग घेतला तरी स्वार खाली येणारच, म्हणजे लागणारा वेग अनंत. हा प्रश्न स्वतःला विचारायला पाच सेकंद पुरतात.

सेकंदांचा हिशेब उगाच काढत नाही. एमएचटी-सीईटीत भौतिक आणि रसायनशास्त्राचे मिळून १०० प्रश्न असतात आणि वेळ ९० मिनिटं. म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद, त्यातच वाचन, आकडेमोड आणि पर्याय निवडणं. कॅल्क्युलेटर नाही. सूत्र शोधण्यासाठी माझ्या अंदाजानं वीसेक सेकंद उरतात. म्हणून आम्ही ठरवलं, कागदावरचं प्रत्येक सूत्र मोबाईलवर घड्याळ लावून कोऱ्या पानावर काढून पाहायचं. वीस सेकंदांत निघालं तर कागदावरून खोडायचं. नाही निघालं तर पाठ करायचं, मग ते कितीही 'समजलेलं' असो.

पहिला बळी गेला उभ्या वर्तुळाचा. दोरीला दगड बांधून उभा गरगर फिरवला तर वरच्या टोकाला किमान वेग √(gr), मधे √(3gr), तळाला √(5gr), असं त्रिकूट सगळी मुलं घोकतात. प्रत्यक्षात विचार एकच आहे. सगळ्यात वर दोरी जेमतेम ताठ राहते तेव्हा तिच्यातला ताण शून्य असतो, दगडाला वळवण्याचं सगळं काम वजन करतं. mg = mv²/r, म्हणून v² = gr. तिथून तळापर्यंत दगड 2r उतरतो, त्यामुळे v² मध्ये 4gr ची भर पडते आणि 5gr मिळतात. मधल्या उंचीला फक्त r उतरलेला असतो, म्हणून 3gr. घड्याळानं अकरा सेकंद दाखवले.

तिघांना खोडण्यामागचं खरं कारण मात्र वेळ नाही. प्रश्नात दोरीऐवजी हलकी दांडी दिली की √(5gr) चुकतं. दांडी ढकलूही शकते, त्यामुळे वरच्या टोकाला दगड जवळजवळ थांबला तरी चालतो. तिथं वेग शून्य, तळाला v² = 4gr, म्हणजे वेग 2√(gr). पेपर काढणारा पर्यायांत दोन्ही ठेवतो. ज्यानं √(5gr) घोकलंय त्याला आपलं उत्तर समोर दिसतं आणि तो खुशीत पुढे जातो. ज्याला अकरा सेकंदांचा तो रस्ता माहीत आहे, तो 'दांडी' शब्दाशी अडखळतो. अडखळणं इथं कामाचं.

मोमेंट ऑफ इनर्शियाच्या बाबतीत वाटणी थोडी वेगळी झाली. भरीव गोलाचं (2/5)MR² येतं कुठून? गोलाच्या पातळ चकत्या करून त्यांची बेरीज करायची, म्हणजे इंटिग्रेशन. ते येत असलं तरी परीक्षेत करायचं नाही. म्हणून चारच पाठ: चकतीचं (1/2)MR², भरीव गोलाचं (2/5)MR², पोकळ गोलाचं (2/3)MR² आणि दांडीचं मध्यातून (1/12)ML². कड्याचं MR² पाठ करायची गरजच नाही, त्याचं सगळं वस्तुमान R अंतरावरच असतं. भरीव नळकांडं स्वतःच्या अक्षाभोवती फिरवलं तर ती चकतीच. अक्षाच्या दिशेनं ताणल्यामुळे कुठल्याही कणाचं अक्षापासूनचं अंतर बदलत नाही.

बाकीची समांतर अक्षाच्या प्रमेयातून काढायची: I = Ic + Mh². दांडीच्या टोकाशी हवं असेल तर 1/12 मध्ये 1/4 मिळवा, 1/3 आलं. गोलाच्या स्पर्शिकेभोवती 2/5 मध्ये 1 मिळवा, 7/5. कागदावर अशी सात-आठ सूत्रं होती, सगळी गेली. मात्र प्रमेयाची अट प्रमेयाइतकीच पाठ हवी: सुरुवात वस्तुमानकेंद्रातूनच करायची. भाचीनं इथं छान चूक केली. दांडीच्या टोकापासून L/4 अंतरावरच्या अक्षाभोवती किती, असं विचारल्यावर तिनं टोकाच्या 1/3 मध्ये 1/16 मिळवून 19/48 आणलं. मी काही बोललो नाही, फक्त विचारलं, "टोकाशी किती होतं?" 16/48. म्हणजे अक्ष मध्याकडे सरकवला आणि उत्तर वाढलं? मध्यातून जाणाऱ्या अक्षाभोवती ते सर्वांत कमी असतं, तिकडे जाताना कमीच व्हायला हवं. मग तिनं मध्यापासून मोजलं: 1/12 + 1/16, म्हणजे 7/48.

रसायनशास्त्राच्या कागदावर हीच चाळणी लावली तर वेगळंच काही हाती येतं. केमिकल कायनेटिक्समध्ये प्रथम कोटीच्या अभिक्रियेचं k = (2.303/t) log([A]₀/[A]) इंटिग्रेशनमधून येतं, म्हणून पाठ. अर्धायुकाल 0.693/k हासुद्धा पाठ, कारण तो सतत लागतो. शून्य कोटीचा अर्धायुकाल मात्र पाठ करणं म्हणजे डोक्यावर ओझं. वेग k कायम आहे, अर्धा माल संपवायचा आहे, [A]₀/2 ला k नं भागलं की झालं. '९९.९ टक्के अभिक्रिया पूर्ण व्हायला किती वेळ' यासाठी काही जण वेगळं सूत्र लिहून ठेवतात. दहा वेळा निम्मं केलं की १०२४ वा भाग उरतो, म्हणजे प्रथम कोटीत साधारण दहा अर्धायुकाल. विद्युतरसायनातला 0.0592 मात्र पाठच हवा. तो 2.303RT/F चा आकडा आहे आणि कॅल्क्युलेटरशिवाय तो काढत बसणं परवडणारं नाही. फक्त शेजारी '२९८ केल्विन' लिहायचं. प्रश्नात दुसरं तापमान दिलं असेल तर तो आकडा निरुपयोगी आहे.

शेवटी अडून राहिला तो उतार दिलेल्या वळणाचा, म्हणजे बँकिंगचा, राक्षस. घर्षणासकट कमाल वेग असा: v² = rg(μ + tanθ)/(1 − μ tanθ). किमान वेगाचं सूत्रही असंच, फक्त अधिक-उणे उलटे. बलांची आकृती काढून, घटक पाडून भाचीला दोन मिनिटं लागली. नियमानं हे पाठांतरात जायला हवं होतं, आणि नेमकी इथेच चिन्हांची गफलत होते.

पण त्या अपूर्णांकाकडे नीट पाहिलं तर तो त्रिकोणमितीतला tan च्या बेरजेचा आहे. μ ला tanφ म्हटलं तर उजवी बाजू सरळ rg tan(θ + φ) होते. त्याचा अर्थही सोपा आहे. घर्षण नसेल तर रस्ता गाडीला उभ्या रेषेपासून θ कोनात रेलून ढकलतो, आणि v² = rg tanθ मिळतं. घर्षण असेल तर तो रेटा आणखी φ इतका कलू शकतो. गाडी वर घसरू पाहत असेल तेव्हा θ + φ, खाली घसरू पाहत असेल तेव्हा θ − φ.

आता या एका ओळीतून काय काय निघतं ते पाहा. θ शून्य केला की tanφ म्हणजे μ उरतो: सपाट रस्त्याचं √(μrg). φ शून्य केला की घर्षणाशिवायचं बँकिंग. आणि रस्ता उचलत उचलत पार ९० अंशांवर नेला की तो रस्ता राहत नाही, मौत का कुआँ होतो. किमान वेगासाठी tan(90° − φ), म्हणजे 1/μ. ज्या √(rg/μ) वर ती सुरुवातीला चुकली होती ते इथं आपोआप बाहेर पडलं. θ + φ हा ९० च्या पुढे गेला तर उत्तर ऋण येतं, आणि मुलांना वाटतं आकडेमोड चुकली. चुकलेली नसते, तिथं कमाल मर्यादाच नसते; कुआँमधला स्वार हवा तितका जोरात जाऊ शकतो. तसंच θ पेक्षा φ मोठा असेल तर किमान वेगाचं सूत्र ऋण उत्तर देतं, कारण गाडी त्या उतारावर उभीही राहू शकते.

भिंतीवर आता नवा कागद आहे. त्यावर नऊ सूत्रं आहेत, प्रत्येकाशेजारी कंसात त्याची अट. परवा गेलो तर दहावं दिसलं, पेन्सिलीनं लिहिलेलं: उतारावरून घरंगळणाऱ्या वस्तूचं त्वरण, a = g sinθ/(1 + K²/R²). "हे तर ऊर्जेवरून निघतं की," मी म्हणालो. "निघतं," ती म्हणाली, "पण मला बत्तीस सेकंद लागतात. वीसवर आलं की खोडेन."