‘फॉर्मल्डिहाइड फ्री’ लिहिलेल्या बाटलीत काय असते?

घरातील रसायने : लेखांक ११

मागच्या लेखांकात आपण केसांच्या रंगाबद्दल वाचले. त्यानंतर आमच्या इमारतीतली एक मुलगी केराटिन स्मूदनिंगचे किट घेऊन आली. लग्नसराई तोंडावर होती, पार्लरचा दर परवडत नव्हता आणि किट ऑनलाइन स्वस्तात मिळाले होते. ती म्हणाली, “काकू, यावर फॉर्मल्डिहाइड फ्री लिहिलंय. मग काही काळजी नाही ना?” मी बाटली उलटी करून मागची बारीक अक्षरे वाचली. पाण्यानंतरचे दुसरेच नाव होते ग्लायॉक्झिलिक ॲसिड.

आपल्याकडच्या नियमानुसार एक टक्क्याहून जास्त असलेले घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. दुसऱ्या क्रमांकावर आहे म्हणजे ते चिमूटभर नाही, काम करणारे मुख्य रसायन तेच आहे. हायड्रोलाइज्ड केराटिनचे नाव बरेच खाली होते. पुढच्या बाजूला मात्र तेच सोनेरी अक्षरांत मिरवत होते.

केस सरळ करण्याचे काम केराटिन करत नाही. केसातल्या प्रथिनांच्या साखळ्यांना सरळ अवस्थेत बांधून टाकणारे एखादे रसायन लागते आणि वरून स्ट्रेटनिंग मशीनची उष्णता. ती अनेकदा २०० अंश सेल्सिअसच्या वर असते. पूर्वी हे बांधण्याचे काम सर्रास फॉर्मल्डिहाइड करत असे. हा वायू आहे. पाण्यात मिसळला की त्याचे बहुतांशी मिथिलीन ग्लायकॉल होते आणि ते पाणी तापले की पुन्हा वायू सुटतो. म्हणून लेबलवर मिथिलीन ग्लायकॉल, फॉर्मॅलिन किंवा मिथेनाल यांपैकी काहीही दिसले, तरी तापल्यावर निघणारा वायू एकच समजावा.

अमेरिकेत हे उघड झाले ते २०१० साली. ओरेगन राज्यात पार्लरमध्ये काम करणाऱ्यांना डोळे चुरचुरणे, नाकातून रक्त येणे असे त्रास होऊ लागले. राज्याच्या कामगार सुरक्षा विभागाने बाटल्या तपासल्या, तेव्हा ‘फॉर्मल्डिहाइड फ्री’ असे छापलेल्या द्रावणात सरासरी आठ टक्क्यांहून अधिक फॉर्मल्डिहाइड निघाले. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने त्याआधीच, २००४ मध्ये, हा वायू माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकला होता.

मग उत्पादकांनी ग्लायॉक्झिलिक ॲसिड आणि त्याचा भाऊबंद ग्लायॉक्झिलॉइल कार्बोसिस्टीन यांच्याकडे मोर्चा वळवला. बाटलीत फॉर्मल्डिहाइड नाही, हे त्यांचे म्हणणे खरे असू शकते. पण हीच रसायने मशीनच्या उष्णतेने तापली की थोडे फॉर्मल्डिहाइड तयार होऊ शकते. बाटलीवरचा दावा बाटलीपुरता असतो, गरम प्लेटखाली काय होते याबद्दल तो काहीच सांगत नाही.

आणि ग्लायॉक्झिलिक ॲसिडचा स्वतःचा एक वेगळा धोका आहे. मार्च २०२४ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत छापून आली. जून २०२०, एप्रिल २०२१ आणि जुलै २०२२ अशा तीन वेळा तिने केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिला उलट्या, जुलाब, ताप आणि पाठदुखी झाली. डोक्याची त्वचा जळल्यासारखी होत होती, तिथे जखमाही झाल्या. रक्तातले क्रिएटिनिन वाढले, म्हणजे मूत्रपिंडांचे काम मंदावले. प्रत्येक वेळी ती बरी झाली. वापरलेल्या क्रीममध्ये १० टक्के ग्लायॉक्झिलिक ॲसिड होते. संशोधकांनी तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावून पाहिले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. त्वचेतून आत गेलेल्या आम्लाचे शरीरात ऑक्झलेट होते आणि ते मूत्रपिंडात साचते, असा हा प्रकार आहे.

इथे एक गोष्ट लक्षात घ्या. खिडकी उघडली की वायू कमी होईल, पण डोक्याच्या त्वचेतून शिरणाऱ्या रसायनावर हवेचा काही उपाय चालत नाही. म्हणून त्या मुलीला मी सांगितले की हे किट परत कर. लेबलवर फॉर्मल्डिहाइडची वरची नावे किंवा ग्लायॉक्झिलिक असलेले किट घरी वापरूच नये, असे माझे मत आहे. दमा असलेल्या, गरोदर किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेल्या बाईने तर त्या खोलीतही थांबू नये.

तरीही कोणी करणारच असेल, तर निदान हवेची दिशा नीट ठरवावी. बाथरूममध्ये हे काम अजिबात नको, जागा लहान आणि वायू तिथेच साठतो. स्प्लिट एसी खोलीतलीच हवा पुन्हा फिरवतो. छतावरचा पंखा हवा ढवळतो, बाहेर काढत नाही. हॉलची सगळ्यात मोठी खिडकी उघडून टेबलफॅन तिच्यात बाहेरच्या बाजूला तोंड करून ठेवायचा आणि समोरचे दार उघडे ठेवायचे. हवा दारातून येऊन खिडकीतून गेली पाहिजे. पेटलेली उदबत्ती दाराजवळ धरून धूर कुठे वळतो ते काम सुरू करण्याआधी पाहून घ्या. खुर्ची खिडकीला आडवी ठेवा, म्हणजे वारा एका कानाकडून दुसऱ्या कानाकडे जाईल आणि बसणारीच्या तोंडावर वाफ येणार नाही. बटा धरणारीने दाराच्या बाजूला उभे राहावे. वाफ सगळ्यात जास्त सुटते ती ड्रायर आणि प्लेट फिरवताना, तेव्हा फॅन बंद करू नका. नंतरही खोली बराच वेळ उघडी राहू द्या. एन-९५ मास्कवर भिस्त ठेवू नका. तो धूळ अडवतो, वायू अडवत नाही. वास येईनासा झाला म्हणून हवा स्वच्छ झाली असेही नसते, नाकाला सवय होते. डोळे चुरचुरले किंवा घसा खवखवला की मशीन बंद करून बाहेर पडा.

हातमोज्यांची गोष्ट याहून छोटी आहे. किटमध्ये मिळणारे पातळ, सैल पॉलिथिनचे मोजे मनगटाशी उघडे असतात. द्रावण आत ओघळते आणि त्वचेला चिकटून राहते, शिवाय तापलेल्या प्लेटला लागले तर ते वितळतात. औषधाच्या दुकानात मिळणारे नायट्राइलचे, हाताला घट्ट बसणारे मोजे घ्या आणि मनगटापाशी कड दुमडा, म्हणजे थेंब कोपराकडे ओघळणार नाही. फाटले किंवा आतून ओले झाले की लगेच बदलायचे, धुऊन पुन्हा घालायचे नाहीत. मात्र तेही उष्णतेपासून वाचवत नाहीत. क्रीम मुळांपासून बोटभर लांबूनच लावा. डोक्यावर खरचटलेले, पुळी किंवा खाज असेल तर त्या दिवशी काही करू नका.

काही किटमध्ये फॉर्मल्डिहाइड किंवा ग्लायॉक्झिलिक यांतले काहीच नसते. त्यांत अमोनियम थायोग्लायकोलेट आणि सोबत हायड्रोजन पेरॉक्साइडची न्यूट्रलायझर बाटली असते. उग्र वास येतो तो यांचा. सोडियम हायड्रॉक्साइडवालेही असतात. इथे भीती मुख्यतः त्वचा आणि डोळे भाजण्याची. थायोग्लायकोलेटने सरळ केलेल्या केसांवर हायड्रॉक्साइडवाले क्रीम लावले तर केस मधूनच तुटतात. म्हणून आधी काय लावले होते ते नीट विचारून घ्यावे.

शेवटी डॉक्टरांकडे कधी जायचे ते सांगते. केस सरळ केल्यानंतर काही तासांत किंवा पुढच्या एक-दोन दिवसांत उलट्या, कंबरदुखी किंवा लघवी कमी होणे असे काही झाले, तर पित्त म्हणून घरी बसू नका. डॉक्टरांना केसांचे औषध वापरल्याचे स्वतःहून सांगा आणि क्रिएटिनिनची तपासणी करून घ्या. बाटली किंवा तिच्या मागच्या बाजूचा फोटो सोबत न्या.

पुढच्या लेखांकात नेलपॉलिश रिमूव्हरमधील ॲसिटोन.