हमी की वॉरंटी, हे आधीच ठरवा

शेतीपंप बनवणारी एखादी कंपनी घ्या. विक्रेत्याशी होणारा करार एका अनुवादकाकडे आणि पंपाची माहितीपुस्तिका दुसऱ्याकडे आहे. पुस्तिकेतल्या वॉरंटीला दुसऱ्याने ‘हमी’ लिहिले. पहिल्यानेही ‘हमी’च लिहिले, पण गॅरंटीसाठी. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १२६ नुसार गॅरंटी म्हणजे तिसऱ्या व्यक्तीने कसूर केल्यास तिचे देणे भागवण्याचा करार. मुदतीत मोटर जळली तर बदलून देऊ, ही गोष्ट त्याहून अगदी वेगळी. दोन्ही कागद एकाच विक्रेत्याच्या हाती पडतात आणि एकच शब्द दोन जबाबदाऱ्या सांगू लागतो.

म्हणून शब्दावलीतली नोंद शब्दाची नसावी, संकल्पनेची असावी. आधी एका वाक्यात व्याख्या लिहायची, मग इंग्रजी शब्द, ठरलेला मराठी शब्द आणि बाद केलेले पर्याय. इथे गॅरंटीसाठी ‘हमी’ ठरवता येईल आणि वॉरंटीसाठी ‘वॉरंटी’च, त्या नोंदीत ‘हमी’ बाद. कराराच्या शब्दांवर शेवटचा निर्णय कायदा सल्लागाराचा आणि यंत्रभागांच्या शब्दांवर सर्व्हिस विभागाचा. शेतकरी आणि मेकॅनिक ज्याला व्हॉल्व्ह म्हणतात, त्याला पुस्तिकेत ‘झडप’ म्हणण्याचा हट्ट मला पटत नाही.

मराठीत आणखी दोन रकाने लागतात, लिंग आणि सामान्यरूप. ‘झडप’ स्त्रीलिंगी, ‘व्हॉल्व्ह’ पुल्लिंगी. शब्द बदलला की ‘उघडी’चे ‘उघडा’ करावे लागते. पुन्हा ‘व्हॉल्व्ह उघडा’ ही आज्ञा की स्थिती, असा प्रश्न उरतोच. त्यामुळे ‘व्हॉल्व्ह उघडा असल्याची खात्री करा’ असे नमुना वाक्य नोंदीतच द्यावे. सामान्यरूपाचे कारण वेगळे आहे. अनुवादाच्या सॉफ्टवेअरला जसाच्या तसा शब्द शोधायला सांगितले, तर ‘झडप’ शोधताना ‘झडपेचा’ निसटतो, कारण तिथे ‘प’चा ‘पे’ झालेला असतो. ‘झडपे’ हे रूप नोंदवून त्याने सुरू होणारे शब्दही शोधले, की तो सापडतो.

यादी फुगवू नये. ‘पाणी’, ‘दिवस’ यांसारखे शब्द त्यात नकोत. ज्यांत दोन अनुवादकांचा मतभेद होऊ शकतो किंवा चुकले तर पैसा, माणूस वा यंत्र धोक्यात येते, तेवढे शब्द पुरेत. करारात स्वतःचे व्याख्येचे कलम असेल तर त्या करारापुरते तेच प्रमाण.

शब्द पुढे बदलला तरी जुनी नोंद पुसायची नाही. तिच्यावर ‘बाद’ लिहून तारीख टाकायची, कारण सही झालेल्या करारांत जुनाच शब्द राहणार असतो आणि त्याची पुरवणी त्याच शब्दात लिहावी लागते. पुस्तिकेची नवी आवृत्ती मात्र नव्या शब्दाने निघते. छपाईआधी तिच्यात बाद शब्द एकेक करून शोधायचे. ‘हमी’ सापडली, तर ती वॉरंटीच्या जागी आली आहे का, हे वाक्य वाचूनच ठरते. ते काम यंत्रावर सोडता येत नाही.